पन्नास टक्के वाढ झाली, पण कशावर?

२०२२ च्या जूनमध्ये मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतील ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या टेस्टिंग विभागातली नोकरी सोडली, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये भरतीच्या अहवालांचे अकरा स्क्रीनशॉट होते. प्रत्येकावर वर जाणारा बाण आणि त्याखाली टक्केवारी होती. त्या बाणांच्या भरवशावर मी डेटा विश्लेषणाच्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला सव्वा लाख रुपये भरले. अभ्यासक्रम संपला तो २०२३ च्या एप्रिलमध्ये, आणि त्या वर्षी आयटीतील भरती घसरू लागली होती. आमचे फोरमन काका निरोपाच्या चहाला एवढेच म्हणाले होते, ‘‘ताई, वाढ झाली म्हणतेस, पण कशावर झाली ते पाहिलेस का?’’ मी त्या वेळी मनातल्या मनात हसले होते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला दीड वर्ष लागले, म्हणून तोच भाग येथे सविस्तर लिहिते.

बहुतेक मासिक अहवाल यंदाच्या महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. दिवाळी, मार्चअखेर, पावसाळा असे हंगाम दर वर्षी येतात, त्यामुळे ही पद्धत मुळात योग्यच आहे. मात्र गेल्या वर्षीचा तो महिना असाधारण असेल तर टक्केवारी फसवते. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाची दुसरी लाट होती. साहजिकच २०२२ च्या मेमधील कोणतीही वाढ त्या खड्ड्यापासून मोजली गेली.

हे आकड्यांत मांडून पाहा. समजा एखाद्या क्षेत्राचा भरती निर्देशांक २,००० होता. संकटाच्या वर्षी तो चाळीस टक्क्यांनी घसरून १,२०० झाला. पुढच्या वर्षी तो १,८०० वर गेला, तर मथळा येतो ‘पन्नास टक्के वाढ’. वाचणाऱ्याला वाटते की चाळीस गेले, पन्नास आले, म्हणजे दहा टक्के फायदाच झाला. प्रत्यक्षात १,८०० हा आकडा मूळच्या २,००० पेक्षा दहा टक्क्यांनी कमी आहे, कारण चाळीस टक्के मोठ्या आकड्यातून वजा झाले आणि पन्नास टक्के लहान आकड्यावर मिळाले. शाळेत सातवी-आठवीत शिकलेले हे गणित नोकरीच्या बातमीत मला ओळखता आले नाही, याची आजही लाज वाटते.

याची उलट बाजूही तितकीच महाग पडते. निर्देशांक २,००० वरून ३,२०० वर गेला आणि नंतर २,४०० वर आला, तर मथळा ‘पंचवीस टक्के घट’ असा येतो, आणि तरीही भरती मूळ पातळीपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त असते. २०२३ मध्ये अशा मथळ्यांना घाबरून माझ्या वर्गातल्या दोघींनी हातात आलेला प्रकल्प सोडून दिला. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून निर्देशांकाचा मूळ आकडा उतरवून घ्यावा, त्याच महिन्याचे निदान चार-पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहावेत आणि त्यांत २०१९ चा आकडा असावाच. एका पानाचे काम आहे. हे पान केल्याशिवाय एकाही अभ्यासक्रमाची फी भरू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगते.

त्यानंतर पाहावे की अहवाल मोजतो तरी काय. नोकरी डॉट कॉमचा जॉबस्पीक हा मासिक भरती निर्देशांक त्यांच्याच संकेतस्थळावरील नव्या जाहिराती आणि भरती करणाऱ्यांनी केलेला उमेदवारांचा शोध यांवर आधारलेला असतो. कॅम्पस भरती, गिग कामे आणि परिसरातल्या परिसरात होणारी भरती त्यात येत नाही, हे त्यांनीच नमूद केलेले असते. आता बडोद्याच्या कलाभवन या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाची पहिली नोकरी बहुधा कॅम्पसमधून लागते, आणि मकरपुरा किंवा वाघोडियाच्या लहान कारखान्यातली जागा ओळखीने, फाटकावरच्या फलकाने किंवा ठेकेदाराच्या एका फोनने भरली जाते. या दोन्ही जागा त्या आलेखाबाहेर राहतात. अहवाल खोटा नसतो. आपण त्याला जो प्रश्न विचारतो, तो त्याने सोडवायला घेतलेलाच नसतो.

मॅनपॉवरग्रुपच्या तिमाही सर्वेक्षणाचे दुखणे वेगळे आहे. त्यात कर्मचारी वाढवू म्हणणाऱ्या कंपन्यांच्या टक्केवारीतून कमी करू म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात आणि मग हंगामी चढउतार काढून टाकतात. तीस टक्के असा आकडा आला, तर तीस टक्के जागा वाढतील असा अर्थ होत नाही. दोन माणसे घेणारी कंपनी आणि दोनशे घेणारी कंपनी, दोघींचेही ‘हो’ एकदाच मोजले जाते. शिवाय तो बेत असतो, नेमणूक नव्हे. ईपीएफओची, म्हणजे कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेची मासिक आकडेवारी मात्र खात्यांत खरोखर आलेल्या आणि गेलेल्या सभासदांची असते, म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. तिथेही पहिले आकडे तात्पुरते असतात आणि पुढे बदलतात. शिवाय ‘एक्सपर्ट सर्व्हिसेस’ या भारदस्त नावाखाली मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार आणि सुरक्षा संस्था येतात. त्यामुळे रसायन कारखान्यात ठेक्यावर राबणारा मुलगा कागदावर तज्ज्ञ सेवेत दिसू शकतो.

या सगळ्यापेक्षा मला उपयोगी पडला तो एक कंटाळवाणा दस्तऐवज. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल द्यावा लागतो. त्याच्या पहिल्याच विभागात कायम आणि अस्थायी कर्मचारी, कायम आणि अस्थायी कामगार यांची संख्या वेगवेगळी दिलेली असते आणि पुढे कायम मनुष्यबळातील किती टक्के लोक सोडून गेले, याचे तीन वर्षांचे दर असतात. हे तीन दर पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि ते पाहिले की जाहिरातींच्या संख्येमागचे कारण कळते.

उदाहरण घेऊ. पहिल्या कंपनीत एक हजार माणसे आहेत, त्यांतली दर वर्षी चाळीस टक्के सोडून जातात आणि संख्या मात्र तेवढीच राहते. तिला निव्वळ जागच्या जागी उभे राहण्यासाठी वर्षाला चारशे माणसे घ्यावी लागतात. दुसऱ्या कंपनीतून आठ टक्के, म्हणजे ऐंशी माणसे जातात आणि संख्या १,००० वरून १,०८० होते. तिला सुमारे १६० माणसे लागतात. जाहिराती मोजल्या तर पहिली कंपनी अडीचपट ‘जोरात’ दिसेल, पण वाढ फक्त दुसरीत आहे. पहिल्या कंपनीतल्या चारशे खुर्च्या का रिकाम्या होतात, हे विचारल्याशिवाय तिथले कौशल्य ‘मागणीत आहे’ म्हणू नये. प्रवेश सोपा हवा असेल तर तिथे जरूर जावे. मी कोणाला नावे ठेवत नाही. फक्त त्या जागेला भवितव्य समजू नये.

लहान कारखान्यांना बीआरएसआरचा नियम लागू नाही, आणि बडोद्यातले ट्रान्सफॉर्मर, केबल, स्विचगिअरचे बरेचसे काम लहान कारखान्यांतच चालते. तिथे मी गिऱ्हाइकाकडून सुरुवात केली. ट्रान्सफॉर्मर विकत घेणार कोण? आपल्या रेसकोर्सवर मुख्यालय असलेली गुजरातची वीजवहन कंपनी जेटको, देशपातळीवर तेच काम करणारी पॉवरग्रिड आणि सौर-पवन प्रकल्पवाले. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे राष्ट्रीय लक्ष्य आहे आणि ती वीज वाहून न्यायला उपकेंद्रे लागतातच. म्हणून निविदा आणि सूचीबद्ध उत्पादकांच्या हातातल्या ऑर्डरी वाचाव्यात. येथेही ऑर्डर म्हणजे लगेच नेमणूक नव्हे. गाभ्याला लागणारे सीआरजीओ पोलाद मोठ्या प्रमाणावर आयात होते, आणि ते अडकले की शॉप फ्लोअर रिकामा बसतो. ‘क्षमता वाढवत आहोत’ या वाक्यासोबत नव्या टेस्ट बेचा, म्हणजे चाचणीसाठीच्या स्वतंत्र जागेचा उल्लेख आला, की मग मी वहीत खूण करते, कारण ती बे चालवायला माणसे घ्यावीच लागतात.

शेवटी मी स्वतःच जाहिराती मोजल्या. बारा आठवडे, दर रविवारी सकाळी, बडोदा आणि सावली-हालोल पट्ट्यातल्या इलेक्ट्रिकल टेस्टिंगच्या जाहिराती. पहिल्या रविवारी ४१ मिळाल्या. पगाराची तीच मर्यादा, तोच परिसर आणि मजकुरातली तीच चुकीची स्पेलिंग असलेल्या जाहिराती वेगवेगळ्या सल्लागारांनी टाकलेल्या निघाल्या. त्या गाळल्यावर १७ उरल्या. बारा आठवडे तशीच राहिलेली जाहिरात मी संशयास्पद धरली. उरलेल्यांत कौशल्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले. आयएस २०२६ हे पॉवर ट्रान्सफॉर्मरचे मानक वारंवार आले (ते वर्ष नव्हे, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या ओळखीच्या एकाने ‘भरती २०२६ मध्ये आहे’ असे वाचले होते). त्याबरोबर कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची उपकरणे अचूक आहेत का ते तपासणे, आणि चाचणी अहवाल तयार करणे हे शब्द होते. कॅलिब्रेशन केबलवाल्यांनाही हवे होते आणि औषध कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागालाही. एकच कौशल्य तीन निरनिराळ्या क्षेत्रांच्या जाहिरातींत दिसणे ही मला कोणत्याही बाणापेक्षा भरवशाची खूण वाटते, कारण तिन्ही क्षेत्रे एकाच वेळी मंदावण्याची शक्यता कमी असते. माझे सव्वा लाखही अगदीच वाया गेले नाहीत. चाचण्यांच्या नोंदींवरून मीटर कधी ढळू लागला ते मी आलेखात दाखवू शकते, आणि २०२४ मध्ये टेस्टिंगमध्ये परत घेताना मुलाखतीत त्याचीच चौकशी झाली.

‘हमखास प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या संस्थेला विचारावे की मागच्या तुकडीतील किती जण सहा महिन्यांनंतरही त्याच नोकरीत आहेत. माझ्या संस्थेने या प्रश्नावर मला माहितीपत्रकाची दुसरी प्रत दिली होती. मार्गदर्शक म्हणून समाजमाध्यमांवर स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यांपेक्षा एखादा फोरमन गाठावा. त्याला पुढच्या तिमाहीत कोणत्या मशीनवर माणूस कमी पडणार ते ठाऊक असते.

त्या सतरा जाहिरातींत दोन वर्षांपेक्षा कमी अनुभव चालेल असे फक्त तिघांनी लिहिले होते. हा आकडा पाहून नवोदित खचतात, पण त्यांचे दार दुसरीकडे आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना कायद्याने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि त्या जागा सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर येतात. पदवी-पदविकाधारकांनी आपल्या शाखेपुढे बडोदा जिल्हा निवडून तेथील यादी याच रविवारच्या वहीत वेगळ्या रकान्यात उतरवायला लागावे. माझ्या वहीत तो रकाना अकराव्या आठवड्यापर्यंत नव्हताच.