स्ट्रॉ-दोऱ्याचं क्लिनोमीटर: दोरा 90 वर आला म्हणून फसू नका

शिरपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या मागे गावाची पाण्याची टाकी आहे. दहावीच्या वर्गाला उन्नत कोन शिकवून झाला की मी मुलांना तिथे नेतो. स्ट्रॉ, कोनमापक, दोरा आणि एक लोखंडी नट एवढंच साहित्य. पहिल्या वर्षी पाच गटांनी एकाच टाकीची उंची मोजली आणि पाच उत्तरं आली: 19.3, 16.9, 12.6, 14.8 आणि 14 मीटर. टॅनची किंमत सगळ्यांनी बरोबर घेतली होती, गुणाकारही बरोबर होते. चुका मैदानावर झाल्या होत्या, आणि त्यातली एक अशी की ती शोधायला मला दोन तास लागले.

आधी सोपी चूक. कोनमापक उलटं धरायचं, सरळ कड वर, त्या कडेवर स्ट्रॉ चिकटवलेली. स्ट्रॉ आडवी असते तेव्हा दोरा 90 वर लोंबतो. टाकीचा माथा स्ट्रॉमधून दिसू लागला तेव्हा दोरा 50 वर आला, तर उन्नत कोन 50° नाही, 40° आहे. 19.3 मीटर काढणाऱ्या गटाने सरळ 50 घेतले होते. कोनमापकावर दोन उलटसुलट अंकमाला असतात, त्यामुळे हाच दोरा दुसऱ्या मालेत 130 दाखवतो आणि मुलं आणखी गोंधळतात. म्हणून मी "वाचा" म्हणतच नाही, "दोरा 90 पासून किती घरं सरकला ते मोजा" म्हणतो. कोणतीही अंकमाला घेतली तरी उत्तर 40 च येतं.

दोरा कुठून लोंबतो?

आता 16.9 मीटरची गोष्ट. हा गट सगळ्यात काळजीपूर्वक काम करणारा. त्यांनी वजाबाकीही बरोबर केली होती, पण त्यांचा कोन 46° येत होता. मी म्हटलं, क्लिनोमीटर तपासा. एकाने स्ट्रॉ खिडकीच्या आडव्या चौकटीला लावून धरली आणि म्हणाला, "सर, दोरा तं नव्वदवरच शे!" खरंच होतं. मीही पाहिलं आणि साधन बरोबर आहे असं समजून पुढे गेलो. ती माझी चूक.

त्यांनी दोरा स्ट्रॉला मधोमध बांधला होता. दिसायला अगदी नीट. पण कोनमापकाचा केंद्रबिंदू कडेवर नसतो, कडेच्या थोडा आत असतो. त्यांच्या कोनमापकात गाठ केंद्रबिंदूच्या 8 मिमी वर होती, आणि केंद्रापासून अंशांच्या रेघा 5 सेंमीवर. स्ट्रॉ आडवी असताना गाठ आणि केंद्र एकाच उभ्या रेषेत येतात, म्हणून दोरा बरोबर 90 वरून जातो. स्ट्रॉ 40° तिरपी केली की ती रेषाही तिरपी होते. दोरा मात्र सरळ खालीच लोंबणार, त्यामुळे तो केंद्रातून न जाता बाजूने जातो आणि कोन जवळजवळ 6 अंशांनी जास्त दाखवतो. कोन जितका मोठा, तितकी ही चूक वाढते. शून्यावर ती दिसतच नाही, म्हणून नुसत्या आडव्या तपासणीवर विसंबू नये.

उपाय दोन. दोरा केंद्रबिंदूतूनच सोडा. पुष्कळ प्लॅस्टिकच्या कोनमापकांना तिथे भोक असतं. नसेल तर शिक्षकांनी तापवलेल्या सुईने पाडून द्यावं, गाठ मागच्या बाजूला घ्यावी आणि दोरा अंशांच्या बाजूने खाली सोडावा.

दुसरा उपाय म्हणजे तपासणी तिरप्या कोनावरही करायची. शाळेच्या भिंतीपासून 3 मीटरवर उभं राहा. तुमच्या डोळ्याच्या उंचीपेक्षा 1.73 मीटर वर भिंतीवर खडूची खूण करा. डोळा 1.40 मीटरवर असेल तर खूण जमिनीपासून 3.13 मीटरवर येते. tan 30° = 0.577 आणि 3 × 0.577 = 1.73, म्हणजे त्या खुणेकडे पाहताना कोन 30° यायलाच हवा. स्ट्रॉला बांधलेल्या त्या दोऱ्याने 35 च्या थोडं खाली दाखवलं. एका मिनिटात चोर सापडला.

अंतर कुठपर्यंत मोजायचं

14.8 मीटरचा गट टाकीच्या वरच्या कडेकडे पाहत होता आणि टेप मात्र खांबाच्या बुडापर्यंत नेत होता. टाकीचा घेर खांबांच्या बाहेर आलेला असतो. आपण बघतो ती जवळची कड खांबापेक्षा मीटरभर अलीकडे होती. त्यामुळे 15 ऐवजी 16 मीटर धरले गेले. ज्या बिंदूकडे पाहता, त्याच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत टेप न्यायचा. झाडाचं तर फारच होतं. एका बाजूला झुकलेल्या निंबाचा शेंडा बुंध्याच्या वर क्वचितच असतो. शेंड्याखाली एक मुलगा उभा करा, लांबून दोन दिशांनी पाहून त्याला जागा दाखवा आणि अंतर त्याच्यापर्यंत मोजा.

12.6 काढणारे डोळ्याची उंची मिळवायला विसरले होते, एवढंच. पण इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. आकृतीतली जमीन सपाट असते, आमचं मैदान तापीच्या बाजूला उतरतं. उतारावर उभं राहून नुसती डोळ्याची उंची मिळवली तर उत्तर चुकतं. म्हणून दोरा 90 वर ठेवून स्ट्रॉतून टाकीच्या खांबाकडे पाहा. दिसेल तिथे दुसऱ्याने खडूची रेघ मारावी. त्या रेघेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा आणि तेच मिळवा. अंतराचा टेपही जमिनीवर न अंथरता आडवा ताणून धरा.

वारा आणि हात

फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे दुपारी उघड्यावर दोरा स्थिर राहतच नाही. सकाळी पहिल्या दोन तासिकांना जातो, ऊन पाठीमागे राहील अशी जागा घेतो. स्ट्रॉतून सूर्याकडे पाहायचं नाही हे आधी बजावतो. कागदाचा तुकडा किंवा बटण दोऱ्याला लावलं तर ते हलत राहतं, जड नटच लावा. दोरा कोनमापकाला घासतो तेव्हा तो आहे तिथेच अडकतो, म्हणून साधन किंचित बाजूला कलवून दोरा मोकळा झुलू द्या. थांबला की दोऱ्याचं वाचन दुसऱ्याने करायचं. पाहणाऱ्याने डोळा काढला की स्ट्रॉ हलते.

एवढं करून त्या टाकीचं गणित असं: अंतर 15 मीटर, कोन 40°, डोळा 1.40 मीटर.

```
15 × tan 40° + 1.40
= 15 × 0.839 + 1.40
= 13.99 मीटर
```

13.99 असं वहीत लिहू देऊ नका. या साधनावर एका अंशाचा फरक कोणाच्याही हातून होतो. 39° घेतला तर 13.5, 41° घेतला तर 14.4 येतात. टाकीच्या अगदी जवळ किंवा फार लांब उभं राहिलं तर हाच एक अंश आणखी महाग पडतो, 45° च्या आसपास तो सर्वात स्वस्त. म्हणून कोन 35 ते 55 मध्ये येईल अशी जागा निवडतो, तीन मुलांकडून तीनदा वाचून घेतो आणि उत्तर "सुमारे 14 मीटर, अर्धा मीटर इकडेतिकडे" असं लिहायला लावतो.