लूपमधून गाडी न पडता जाण्यासाठी ती किती उंचीवरून सोडावी?

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे पाहून आलेली मुले विज्ञान प्रदर्शनासाठी हौसेने लूपची प्रतिकृती करतात आणि बहुतेक वेळा एकच चूक करतात: गाडी लूपच्या माथ्याइतक्याच उंचीवरून सोडतात. तेवढ्या उंचीने गाडी माथ्यापर्यंत पोचेल असे वाटते, पण माथ्यावर वेग शून्य असून चालत नाही.

प्रथम खेळण्यातल्या गाडीची लवचिक पट्टी गोल वळवून घट्ट बसवावी आणि लूपचा आतला व्यास मोजावा. तो 30 सेंटिमीटर भरला, तर त्रिज्या R म्हणजे 15 सेंटिमीटर. माथ्यावर गाडीचा वेग निदान इतका हवा, की तिचे सगळे वजन तिला वर्तुळात वळवण्यातच खर्ची पडेल. पट्टीचा दाब नुकताच शून्य होतो ती सीमा धरली, तर तिथे v² = gR, म्हणजे आपल्या लूपसाठी वेग सेकंदाला सुमारे 1.2 मीटर येतो. हा वेग मिळवण्यासाठी माथ्याच्याही वर आणखी R/2 इतकी उंची लागते, म्हणून

h = 2R + R/2 = 2.5R

म्हणजेच 37.5 सेंटिमीटर. गाडीचे वस्तुमान या हिशेबातून गळून पडते, त्यामुळे गाडीवर वजन चिकटवण्याचा काही उपयोग नाही. उंची मात्र टेबलापासून न मोजता लूपच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून मोजावी आणि गाडी धक्का न देता, नुसते बोट बाजूला करून सोडावी.

उंची कमी पडली हे मोबाइलवर संथ गतीने चित्रण केल्यास स्पष्ट दिसते. घर्षण नसते आणि गाडी 30 सेंटिमीटरवरून सोडली असती, तर ती चढतानाच 25 सेंटिमीटर उंचीवर पट्टी सोडून लूपच्या आत पडली असती. प्रत्यक्षात घर्षणामुळे ती त्याहूनही खाली सुटते. त्याच कारणाने 37.5 लाही गाडी बहुधा पडेल. तेव्हा एकेक सेंटिमीटर वाढवत जावे आणि सलग पाच वेळा गाडी पार झाली की ती उंची पट्टीवर खडूने नोंदवावी. गाडीऐवजी गोटी वापरल्यास घर्षण सोडूनही उंची जास्त लागते, कारण ऊर्जेचा काही भाग गोटीच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो. न घसरता गडगडणाऱ्या लहान भरीव गोटीसाठी ती सुमारे 2.7R आहे.

हेच माप मोठ्या रोलर कोस्टरला जसेच्या तसे लावता येत नाही. तिथल्या गाडीला रुळाखालूनही चाके असतात, त्यामुळे ती रूळ सोडत नाही. शिवाय 2.5R उंचीवरून आलेल्या गाडीवर वर्तुळाकार लूपच्या तळाशी रुळाचा दाब वजनाच्या सहापट होतो, जो बसणाऱ्याला सोसवणारा नाही. म्हणून खऱ्या लूपची त्रिज्या तळाशी मोठी आणि माथ्याकडे लहान ठेवून त्याला उलट्या थेंबासारखा आकार देतात.