परदेशी पुरवठादाराकडून कोटेशन मागवताना या चुका टाळा

‘प्लीज कोट युवर बेस्ट प्राइस’ एवढी एकच ओळ आणि खाली कॅटलॉगच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. भोसरी-चाकणकडून परदेशी जाणारे ईमेल अजूनही असेच असतात. वाईट गोष्ट अशी की त्यालाही उत्तर येतं, दर येतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की काम झालं. आपण जे लिहिलं नाही ते समोरच्याने स्वतःच्या सोयीने धरलेलं असतं. तीन ठिकाणांहून तीन दर येतात आणि तिन्ही वेगवेगळ्या मालाचे असतात.

भोसरीतल्या एका स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्याची गोष्ट सांगतो. त्याला चीनमधून लिनियर गाइडवे, म्हणजे रेल आणि तिच्यावर सरकणारे ब्लॉक, हवे होते. त्याने लिहिलं, ‘20 साइज, लांबी 940 मिलिमीटर, 40 रेल, प्रत्येकी दोन ब्लॉक.’ वाचायला पूर्ण वाटतं. पण या रेलवरची भोकं 60 मिलिमीटर अंतराने असतात. 940 लांबीत 16 भोकं बसतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 900 जातात आणि 40 उरतात. हे 40 दोन्ही टोकांना 20-20 असे वाटले जातील, असं त्याने मनात धरलं होतं. लिहिलं मात्र नव्हतं. रेल लांब बारमधून कापतात, आणि टोकाचं अंतर सांगितलं नसेल तर कापणारा बारचा तुकडा वाया जाणार नाही अशा जागी कापतो. माल आला तेव्हा एका टोकाला 10 आणि दुसऱ्याला 30 होते. लांबी 940 बरोबर, भोकं 16 बरोबर. बेडवर ठेवली की रेल 10 मिलिमीटर पुढे येऊन एंड प्लेटला टेकायची, उलटी फिरवली तर दुसऱ्या बाजूला टेकायची. पुरवठादाराचं उत्तर सरळ होतं: तुम्ही मागितलं तेच दिलं. शेवटी चाळीसही रेलचं एक-एक टोक अ‍ॅब्रेसिव्ह व्हीलने, कूलंट सोडत कापावं लागलं. रेल हार्डन केलेली असते, साध्या करवतीला दाद देत नाही. शिवाय कापल्यावर कडेला राहिलेली धारदार बर नीट काढली नाही तर ब्लॉकचं सील फाटतं.

म्हणून मी स्पेसिफिकेशन ईमेलच्या मजकुरात कधीच लिहीत नाही. हाताने काढलेलं का असेना, एका पानाचं ड्रॉइंग जोडतो. त्यावर दोन्ही टोकांची अंतरं, अ‍ॅक्युरसी क्लास, प्रीलोड आणि कुठल्या दोन रेल जोडीने एका मशीनवर बसणार आहेत ते असतं. तेच ड्रॉइंग सही-शिक्क्यासह कोटेशनसोबत परत मागतो. जो परत पाठवत नाही त्याचा दर कितीही कमी असो, मी तो बाजूला ठेवतो. आणि ‘किंवा समतुल्य’ हे शब्द कृपा करून लिहू नका. समतुल्य काय ते मग तोच ठरवतो.

संख्येबद्दल फार बोलायचं नाही. 40 हवे असताना दर पाडायला 1000 लिहू नका, ऑर्डर देताना दर वर चढतोच. 10, 40 आणि 100 असे तीन टप्प्यांचे दर मागा, कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेतात तेही विचारा.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. डिलिव्हरीच्या अटीपुढे नुसतं ‘सीआयएफ’, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि आपल्या बंदरापर्यंतचं भाडं सगळं पुरवठादाराच्या दरात, एवढंच लिहायचं, कारण जहाजाचं भाडं काढण्याची कटकट नको. वरच्याच ऑर्डरचं बघा. रेल आणि ब्लॉक मिळून माल साधारण 110 किलो, पेट्या अर्ध्या घनमीटरच्याही आत. हा माल एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमधून येणार. एका पुरवठादाराने सीआयएफ न्हावा शेवाचा दर एफओबीपेक्षा, म्हणजे माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून देण्याच्या दरापेक्षा, नाममात्रच जास्त दिला होता. मालक खूश. ‘अहो, भाडं जवळजवळ फुकट देतोय तो!’

फुकट कोणी देत नाही. सीआयएफमध्ये फॉरवर्डर, म्हणजे मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणारी कंपनी, पुरवठादार निवडतो. एलसीएलमध्ये काही फॉरवर्डर तिकडे भाडं जवळपास शून्य लावून माल मिळवतात आणि वसुली इकडे, माल घेणाऱ्याकडून करतात. माल न्हावा शेवाला उतरला की त्यांच्या मुंबईतल्या एजंटाचं बिल येतं: डिलिव्हरी ऑर्डर, कंटेनर रिकामा करणं, हाताळणी, कागदपत्रं. अर्धा घनमीटर असला तरी बहुधा किमान एक घनमीटरचा आकार लागतो. भांडायला जागा नसते, कारण त्याने डिलिव्हरी ऑर्डर दिल्याशिवाय माल सुटत नाही आणि सीएफएसचं, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं, भाडं रोज चढत जातं. या गृहस्थांचं बिल प्रामाणिक जहाजभाड्याच्या कितीतरी वर गेलं. सीआयएफमधला विमाही किमान संरक्षणाचा असतो. ओलावा, चोरी, हाताळणीतलं नुकसान त्यात सहसा येत नाही, हे वेगळंच.

माझी सवय अशी. मी एफसीए मागतो, म्हणजे तिकडचं निर्यात क्लिअरन्स करून माल ठरल्या जागी माझ्या फॉरवर्डरकडे सोपवायचा. सोबत जागेचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स 2020’ या डिलिव्हरीच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं नाव लिहितो: ‘एफसीए शांघाय, खरेदीदाराच्या फॉरवर्डरचं गोदाम’. एलसीएलचा माल पुरवठादार गोदामातच सोपवतो, जहाजावर चढवणं त्याच्या हातात नसतं, म्हणून इथे एफओबीपेक्षा एफसीए नेमकं बसतं. मग पुण्या-मुंबईतल्या आपल्या फॉरवर्डरकडून भाडं आणि इकडचे सगळे आकार आधीच लेखी घेतो. सीआयएफचा दर तुलनेसाठी हवाच असेल तर सोबत विचारा: न्हावा शेवाला माल घेणाऱ्याने काय काय भरायचं, त्याची यादी पाठवा. बहुतेक वेळा या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि तेच उत्तर असतं. भाड्याची आणि विम्याची कागदपत्रं जपून ठेवा, कारण खरा आकडा दाखवता आला नाही तर कस्टम्स ड्यूटीच्या हिशेबात भाड्यापोटी एफओबी किमतीच्या 20 टक्के आणि विम्यापोटी 1.125 टक्के धरतं.

एक्स वर्क्स, म्हणजे माल पुरवठादाराच्या कारखान्यातून आपणच उचलायचा, हे नवख्याने घेऊच नये. तिकडचं निर्यात क्लिअरन्स आपल्या गळ्यात पडतं.

पैशांबाबत ‘पेमेंट टर्म्स काय?’ असं मोघम विचारलं की ‘30 टक्के आगाऊ, 70 टक्के बाकी’ असं उत्तर येतं. बाकी कधी? माल निघण्याआधी, की बिल ऑफ लेडिंगची प्रत दाखवल्यावर? पहिल्यात माल अजून कारखान्यातच असतो आणि आपले पूर्ण पैसे गेलेले असतात. दुसऱ्यात निदान माल जहाजावर चढल्याचा कागद समोर असतो. पहिल्याच ईमेलमध्ये हे विचारा, ऑर्डरच्या दिवशी नाही. बँकेचे आकार कोण भरणार तेही त्यातच विचारा, नाहीतर मधली बँक काही डॉलर कापते, तिकडे रक्कम कमी पोचते आणि तेवढ्यासाठी कागदपत्रं अडकतात. एवढ्या लहान ऑर्डरला लेटर ऑफ क्रेडिट मागू नका. दोन्हीकडच्या बँकांचे आकारच अंगावर येतात.

खात्याचं नाव कोटेशनवरच्या कंपनीच्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि मध्येच ‘आमचं ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यात पाठवा’ असा ईमेल आला तर त्या ईमेलला उत्तर द्यायचं नाही. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा. घाई असली तरी करायचा, कारण असे ईमेल बरोबर घाईच्या दिवशीच येतात.

राहिला डिलिव्हरीचा कालावधी. ‘30 दिवस’ कधीपासून मोजायचे ते लिहून घ्या: आगाऊ रक्कम पोचल्यापासून, की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून. जानेवारी-फेब्रुवारीत ऑर्डर असेल तर चिनी नववर्षाला कारखाना कधी बंद होतो आणि कधी उघडतो ते तारखेनिशी विचारा.