मराठी जाहिरातीत इंग्रजी किती घालावं? इंदूरच्या एका टिफिनच्या मजकुरावरून

समजा, इंदूरमध्ये भंवरकुआंच्या आसपास राहणाऱ्या, कोचिंगला जाणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी तुम्ही टिफिन सुरू केला आहे आणि त्याची जाहिरात मराठीत करायची आहे. पहिला मजकूर बहुधा असा उतरतो:

«हेल्दी, टेस्टी अँड अफोर्डेबल होम फूड! आता तुमच्या डोअरस्टेपवर! आजच सबस्क्राइब करा आणि एन्जॉय करा!»

तरुणांना इंग्रजी आवडतं म्हणून हे लिहिलं जातं, पण एकही मुलगी मैत्रिणीला असं सांगत नाही. इथे टक्केवारी मोजून उपयोग नाही. ‘रविवारी कॉलेज, कोचिंग, लायब्ररी, सगळं बंद’ यात तीन इंग्रजी नामं आहेत आणि कुठेही खटकत नाही. वरच्या मजकुरातला ‘अँड’ मात्र एकटाच सगळं कृत्रिम करून टाकतो.

म्हणून लिहायच्या आधी ऐका. तुमच्या गिऱ्हाइकांचे मेसेज वाचा. ‘उद्या टिफिन नको, घरी चाललोय’, ‘ट्रायल मिळेल का?’, ‘मेसेज बघितला का, आज भाजी कोणती?’ असं काहीसं सापडेल. त्यांतून वाटणी आपोआप दिसते. व्यवहाराचे शब्द इंग्रजी आहेत: टिफिन, ट्रायल, मेसेज. चव, भूक, घर यांचे शब्द मराठी आहेत. ज्या गोष्टीशी ओळखच इंग्रजी नावाने झाली, तिचं नाव तसंच ठेवा. जी गोष्ट आईच्या तोंडून कळली, तिला इंग्रजी नाव दिलं की ती परकी वाटते. ‘होम फूड’ वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही, ‘वरण-भात’ वाचून येतं.

मग मजकूर आधी पूर्ण मराठीत लिहा आणि जिथे मराठी शब्द अडखळतो तिथेच इंग्रजी आणा. ‘ट्रायल’ला ‘चाचणी’ म्हटलं तर परीक्षा आठवते, तेव्हा ट्रायलच बरं. पण ‘एन्जॉय करा’च्या जागी काहीच नको, ते वाक्यच काढा. नामं बिनधास्त घ्या, विशेषणं जपून घ्या, आणि ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ अशी जोडणारी अव्ययं छापील मजकुरात घेऊच नका. बोलताना ती खपतात, कारण तिथे आवाज सांभाळून नेतो.

इंदूरमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या लक्षात येत नाही. इथल्या मुलांकडे इंग्रजी शब्द हिंदीतून येतात आणि सोबत हिंदीचं लिंग आणि लेखनही आणतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘नवा अ‍ॅप’ लिहिलं जातं. मराठीत ते ‘नवं अ‍ॅप’. तसंच ‘डिलीवरी’, ‘मैनेजर’, ‘ऐप’ ही हिंदी वळणं झाली, मराठीत डिलिव्हरी, मॅनेजर, अ‍ॅप. फलकावर ‘ऐप’ दिसलं की वाचणाऱ्याला हा हिंदी मजकुराचा घाईने केलेला अनुवाद वाटतो, मग बाकीची मराठी कितीही चोख असो. म्हणून प्रत्येक उसना शब्द ‘तो, ती की ते’ या प्रश्नातून काढा: ती ट्रायल, ती ऑफर, तो मेन्यू, ते अ‍ॅप. शब्दाला प्रत्यय लावायचा असेल तर शब्दही देवनागरीतच लिहा. ‘अ‍ॅपवर’, ‘मेन्यूत’ सहज वाचता येतं, पण रोमन अक्षरांना ‘वर’ चिकटवलं की डोळा थांबतो.

या वाटेने आपला मजकूर असा होतो:

«सकाळचं पोहे-जिलबीवर भागतं. रात्री मात्र वरण-भात हवाच. टिफिन लावा, आधी दोन दिवस ट्रायल घ्या. घरी चाललात? आदल्या दिवशी मेसेज करा, त्या दिवसाचे पैसे लागणार नाहीत.»

इंग्रजी शब्द तीनच आहेत आणि तिन्ही गिऱ्हाइकांच्या मेसेजमधले. ‘अफोर्डेबल’ काढल्यावर पैशांबद्दल ठोस काहीतरी सांगावंच लागलं, हा मला यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो. असं इंग्रजी विशेषण बऱ्याचदा माहिती नसल्याची जागा भरत असतं.

छापण्याआधी मजकूर दोघांना द्या. एक मराठी वाचणारा असू दे, दुसरी घरी मराठी बोलणारी पण हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. मोठ्याने वाचायला सांगा, मग कागद काढून घ्या आणि ‘हे तुझ्या रूममेटला सांग’ म्हणा. ‘आवडलं का?’ विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. सांगताना ते कोणता शब्द बदलतात, तेवढं टिपा. दोघांनीही ‘ट्रायल’ तशीच ठेवली तर ती पक्की. दोघांनीही ‘आदल्या दिवशी’च्या जागी ‘एक दिवस आधी’ म्हटलं तर तुम्हीही तेच छापा. बदल मराठी शब्दातही सुचू शकतो, तोही तितक्याच मोकळेपणाने घ्या. एकाने बदलला आणि दुसऱ्याने ठेवला, तर तिसऱ्याला विचारा.