नाचणी, तीळ, पालेभाजी: तक्त्यातलं कॅल्शियम पोटात किती उतरतं, हे असं काढा

100 ग्रॅम पालकात सुमारे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणून ते अंगी लागतं असं नाही. पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तयार होणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट विरघळतच नाही. एवढं कॅल्शियम अडकवायला सव्वादोनशे मिलिग्रॅम आम्ल पुरतं. पालकात त्याच्या दुपटीहून जास्त सापडतं. त्यामुळे त्यातलं जेमतेम 5 टक्के कॅल्शियम शोषलं जातं. पालक खाल्ल्यावर दात खरबरीत लागतात, त्यामागेही हेच ऑक्झॅलेट.

तेव्हा पहिलं काम म्हणजे भाज्या वेगळ्या करणं. पालक आणि चाकवत कॅल्शियमच्या हिशोबात धरूच नका. उकळून पाणी फेकलं की ऑक्झॅलेट कमी होतं, पण आधीच अडकलेलं कॅल्शियम सुटत नाही. मोहरीच्या पाल्यात ऑक्झॅलेट कमी असल्याने त्यातलं सुमारे 40 टक्के मिळतं, दुधापेक्षाही थोडं सरस.

नंतर तीळ. त्यांचं बहुतेक कॅल्शियम टरफलात असतं. टरफलासकट 100 ग्रॅम तिळात साधारण 975 मिलिग्रॅम, सोललेल्या तिळात साठ-सत्तरच. रंगावर जाऊ नका, टरफलासकटचे तीळही पांढरे असतात. चमचाभर तीळ रात्री भिजवून सकाळी बोटांत चोळा. पातळ साल सुटली तर ते न सोललेले. मात्र टरफलात ऑक्झॅलेटही असल्याने पाचवा हिस्साच हाती लागतो.

नाचणीत अडथळा फायटेट आणि टॅनिन या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकांचा. धान्य 8 ते 12 तास भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात दिवसभर बांधून ठेवा. बारीक मोड आले की कडक वाळवून दळा. मोड येताना धान्यातलंच एन्झाइम फायटेट फोडतं. आंबूस वास किंवा चिकटपणा आला तर फेकून द्या. पीठ वस्त्रगाळ करू नका, नाचणीचं बरंच कॅल्शियम कोंड्यातच असतं.

आता दिवसाचा हिशोब. 60 ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे 210 मिलिग्रॅम. पाचवा हिस्सा धरला तर 42. 10 ग्रॅम न सोललेल्या तिळांतून 20. मोहरीच्या 100 ग्रॅम पाल्यात कमीत कमी 115, त्यातले 46. एकूण 108. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधातून साधारण 70 मिळतात. पालकातून तेवढे मिळवायचे तर जवळपास दीड किलो खावा लागेल!

हे आकडे ढोबळ आहेत. ड जीवनसत्त्व कमी असेल तर शोषण आणखी घटतं, आणि कॅल्शियमची गरज जास्त असेल तेव्हा शरीर थोडं अधिक ओढून घेतं.