पहिल्या भांडणातच जोडीचा निकाल लावताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक ही की भांडण एका गोष्टीवरून होतं आणि आपण निर्णय देतो भलत्याच गोष्टीचा, म्हणजे "आम्ही एकमेकांसाठी आहोत की नाही" याचा. मानसशास्त्रज्ञ सी. रेमंड नी यांनी 1998 मध्ये नात्याबद्दलच्या दोन समजुती मोजल्या. एक समजूत अशी की जोडी जुळायची तर सुरुवातीलाच जुळते, दुसरी अशी की नातं अडचणी सोडवत सोडवत घडतं. पहिली समजूत घट्ट असेल तर ताण आला की माणूस मागे सरकतो, दुसरीवाला मार्ग शोधायला बघतो.

आता समजा, लग्नानंतरची पहिली चवथ आहे. नवऱ्याचं मूळ घर पेडण्याला, बायकोचं माहेर फोंड्याला, तिकडे बाबा एकटेच माटोळी बांधणार. नवरा आईला सांगून मोकळा, "आम्ही पाचही दिवस इथेच." बायकोला विचारलंच नाही. ती गप्प होते, कारण मनात चाललेलं असतं की खरंच माझा असता तर न सांगता कळलं असतं. दोन दिवस अबोला, मग "आपलं जमणारच नाही बहुतेक". इथे चवथीचा प्रश्न सुटलेलाच नाही, तो पुढच्या वर्षी परत येणार, आणि तिला काय हवं होतं हे नवऱ्याला अजूनही माहीत नाही!

अशा वेळी मागणी तारखेसकट सांगायची. "तू मला न विचारता ठरवलंस त्याचं वाईट वाटलं. आदल्या दिवशी माटोळीला मी फोंड्याला जाणार, चवथीला सकाळी पेडण्याला येते, आईला तू सांग." यात नवऱ्याला करण्यासारखं काहीतरी आहे. "तुला माझी पर्वाच नाही" म्हटलं तर तो फक्त स्वतःचा बचाव करत बसतो. 2004 च्या एका अभ्यासात नी आणि सहकाऱ्यांना दिसलं की भांडणांबरोबर नात्याची बांधिलकी कमी होते खरी, पण नातं घडतं असं मानणाऱ्यांत हा परिणाम कमी असतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची, आणि मला ती जास्त घातक वाटते. नातं घडवायचं म्हणजे सगळं सोसायचं असं काहीजणी धरून चालतात, घरचेही तेच सांगतात. घडवायला दोघं लागतात. म्हणून बोलणं झाल्यावर वागणं बघा: नवऱ्याने आईला फोन केला का, पुढच्या सणाला आधी विचारलं का? दरवेळी तुम्हीच बदलताय आणि तो फक्त सॉरी म्हणतोय तर ते घडणं नव्हे. मारहाण, धमक्या, पगार काढून घेणं, हे तर समजुतीने सोडवायच्या यादीत धरूच नका, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं आणि मदत मागायची.

आणि "मी या गटातली, तो त्या गटातला" असे शिक्के मारू नका. नी यांनी दोन्ही समजुती वेगवेगळ्या मोजल्या कारण एकाच माणसात दोन्ही असू शकतात, नशिबाने भेटलो असं मनापासून मानणारी बाई चवथीचं वेळापत्रकही नवऱ्याबरोबर बसून ठरवू शकते.