फांदी छाटली, तरी माळ्यावर उंदरांची खुडबुड? या चुका टाळा

बडोद्यात पाऊस जवळ आला की माळीकाकांना बोलावून गच्चीवर आलेली फांदी तोडून घ्यायची, आणि आठ दिवसांनी पुन्हा माळ्यावर पावलं वाजतात म्हणून विषाच्या वड्या आणायच्या. बहुतेक घरांत हाच क्रम असतो. विष शेवटी यायला हवं, किंवा येऊच नये. विष खाल्लेला उंदीर फॉल्स सीलिंगच्या आत मरतो आणि मग त्या वासाचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोळ्यांना दिसणारी जाड फांदी तोडून थांबणं. माळ्यावर येणारा उंदीर बहुधा छतावरचा काळा उंदीर असतो. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब, तोल सांभाळायला. बोटापेक्षा बारीक वायरीवरून तो अंधारात धावतो आणि आडवी 4 फुटांची उडी मारतो. त्याला अर्ध्या इंचाचं भोक पुरतं.

कारेलीबागेतल्या एका दुमजली घराचं उदाहरण घ्या. आंब्याची फांदी गच्चीपासून दोन फूट मागे घेतली, पिंजरे लावले, उंदीर सापडत राहिले आणि नवे येत राहिले. दोन फूट म्हणजे त्या उंदराला उंबरठाच. पण खरी वाट दुसरीकडेही होती. शेजारच्या गच्चीवरून आलेली, कनेक्शन कधीच बंद झालेली केबलची वायर गॅलरीच्या कठड्याला बांधलेली होती आणि मधुमालतीच्या वेलात पुरती झाकली गेली होती. सापडली कशी? कठड्याच्या त्या जागी काळपट, तेलकट पट्टा होता. एकाच वाटेने रोज गेलं की उंदराच्या अंगाचा मळ असा चिकटतो. खात्रीसाठी रात्री कठड्यावर आणि खिडकीच्या छज्जावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ छज्जापर्यंत जाताना दिसली. लेंड्याही अर्ध्या इंचाच्या आसपास, दोन्ही टोकांना निमुळत्या.

उपाय क्रमाने करावे लागले, आणि इथेच घाई नडते. आधी मेलेली केबल दोन्ही टोकांनी काढली. मग वेल कठड्यापासून सोडवून भिंतीपासून चांगला लांब, वेगळ्या मांडवावर चढवला. फांदी सहा फूट मागे घेतली. भोकं बुजवली ती सगळ्यात शेवटी, पिंजरे काही रात्री रिकामे राहिल्यावर. आधी भोकं बंद केली असती तर आतले उंदीर आतच अडकले असते आणि त्यांनी लाकूड, वायरी कुरतडल्या असत्या. भोकात फोम किंवा पीओपी भरू नका, रात्रीत पोखरतात. पाव इंची लोखंडी जाळी बसवून वर सिमेंट लावा.

दुसरी लाडकी चूक: फांदीचं नुसतं टोक छाटणं. टोक कापलं की पावसाळ्यात तिथूनच चार-पाच कोवळे कोंब फुटतात, आणि दिवाळीपर्यंत ते गच्चीवर टेकतात. फांदी जिथून फुटली, तिथेच काढावी. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत काप द्या, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी पाडा. म्हणजे साल सोलून जात नाही. उरलेलं खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कडेच्या लगत, कड न दुखावता कापा. अंतर मोजताना कोरड्या, शांत दुपारचं मोजमाप धरू नका, पानं भिजली की लांब फांदी खाली झुकते. झाड रस्त्यावरचं असेल तर आधी महापालिकेच्या बाग खात्याला कळवा.

वीजवायरीजवळची फांदी स्वतः तोडू नका. वीज कंपनीलाच बोलवा. चालू सर्व्हिस वायर काढता येत नाही, आणि तिला ग्रीस लावणं किंवा पत्र्याची चकती अडकवणं हा जीवघेणा शहाणपणा आहे. वायर भिंतीत शिरते ते भोक मात्र आपलं, ते बुजवून घ्या, इलेक्ट्रिशियनकडून, आणि वीज कंपनीकडून त्या वायरीचा पुरवठा बंद करून घेऊनच.

सापाबद्दल थोडक्यात. धामण वेलावरून चढते ती उंदरांच्या मागे. उंदरांची वाट तुटली की तिचं येणं कमी होतं. पण कवड्या खरबरीत भिंतीवरूनही चढतो आणि पालींसाठी येतो, त्याला फांदी लागतच नाही. कवड्या बिनविषारी असला तरी त्याला मण्यार समजण्याची चूक सर्रास होते, आणि उलट चूक तर महागातच पडते. म्हणून ओळखण्याच्या फंदात न पडता सर्पमित्राला फोन करा.

वानरांसाठी फांदी तोडणाऱ्यांना मात्र हात जोडावेत. लंगूर 10-12 फूट सहज उडी मारतो, सहा फुटांचं अंतर त्याला जाणवतही नाही. त्याच्यासाठी टाकीच्या झाकणाला कडी लावा आणि कठड्यावरचं वाळवण, फळं, पोळ्या ठेवणं बंद करा.